वहीतली ‘तू’

आजारपणात माणसं देवाचं नाव घेतात, रडतात, नाहीतर राहून गेलेलं वाचन करतात, असं ऐकलं होतं. मी जळत होते. चालणाऱ्या माणसांवर जळत होते, जिने चढणाऱ्यांवर जळत होते, एका पायावर उभं राहून चप्पल घालणाऱ्या माझ्या नवऱ्यावर जळत होते. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. कुणाला असंच होत असेल तर त्याला कळावं, की त्याचं डोकं फिरलेलं नाही.

मी वैशाली. वसईतल्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. माहेर जवळच्याच निर्मळ गावचं, वडिलांची तिथे केळीची आणि फुलांची वाडी आहे. लग्नानंतर एव्हरशाईन सिटीत, चौथ्या मजल्यावर. नवरा नितीन अंधेरीला नोकरीला, मुलगी मुक्ता सहावीत.

हातोडी

आधी चार दिवस पोट बिघडलं होतं. ते बरंही झालं. मग आठवड्याभराने पायाला मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, नवीन चप्पल चावत असेल. मंगळवारी नववीच्या वर्गात फळ्याच्या वरच्या भागात लिहायला हात उचलला आणि तो खांद्याच्या वर जाईना. मुलांना म्हटलं, आज खालीच लिहिते, मागच्यांनी पुढे या. बुधवारी सकाळी मी पलंगावरून उठूच शकले नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. मी माझ्या गुडघ्याकडे असं पाहत होते, जणू तो शेजारच्या कुणाचा तरी आहे. मग मज्जातंतूंची तपासणी झाली, पाठीतून पाणी काढलं, आणि संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

“जीबीएस आहे,” ते म्हणाले. “शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. बहुतेक जण यातून बरे होतात.”

“म्हणजे आठवडाभर?” नितीनने विचारलं.

“महिने धरा.”

नितीनने मान हलवली आणि फोन काढून त्यात काहीतरी लिहायला लागला. नंतर पाहिलं तर त्याने फक्त ‘महिने’ एवढंच लिहिलं होतं.

एका श्वासात

तिथे दर दोन तासांनी सिस्टर यायची आणि सांगायची, “दीर्घ श्वास घ्या, आणि तेवढ्याच श्वासात मोठ्याने आकडे मोजा.” छातीचे स्नायू दमले की आकडा खाली येतो, फार खाली आला तर श्वासाचं यंत्र लावावं लागतं. आयुष्यभर मुलांकडून पाढे म्हणवून घेतले, आणि आता माझी परीक्षा होती. पहिल्या दिवशी अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी एकवीस. तिसऱ्या दिवशी सोळा. चौथ्या दिवशीही सोळा, आणि नितीन बाहेर जाऊन रडून आला. मला ते त्याच्या ओल्या कॉलरवरून कळलं. तोंड धुताना तो नेहमी कॉलर भिजवतो.

मी यंत्रापासून थोडक्यात वाचले.

शेजारच्या पलंगावर मार्थाबाई होत्या. पाचूबंदरच्या, साठीच्या आसपासच्या. मासळी विकण्यात जन्म गेलेला. त्यांना माझाच आजार, माझ्याच आठवड्यात झालेला. त्यांचा आकडा तिशीच्या खाली कधी गेला नाही. सिस्टर “छान” म्हणायची आणि मग माझ्याकडे यायची.

“मास्तरीनबाई, घाबरू नको,” मार्थाबाई म्हणायच्या. “पानी पी नि झोप.”

मला त्यांचा राग यायचा. दहाव्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. त्यांची सून टाळ्या वाजवत होती, वॉर्डातल्या मावश्या हसत होत्या, आणि मी भिंतीकडे तोंड करायचा प्रयत्न करत होते. तेही जमलं नाही. कूस बदलायला मला दोन माणसं लागायची.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. तिथल्या एका आयाबाई रोज कामावरून जाताना माझ्या टाचांखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवायच्या, कारण टाचा गादीला घासून लाल झाल्या होत्या. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी मागितलंही नव्हतं.

घरी

पाच आठवड्यांनी घरी आले ती चाकांच्या खुर्चीत. माझी धाकटी बहीण जयू निर्मळहून राहायला आली. जयूचं लग्न झालेलं नाही. बाबांबरोबर वाडी तीच बघते. आता ती आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून वाडीत जायची आणि बाकी दिवस माझ्याकडे असायची. मला आंघोळ घालायची, भरवायची, डबे करायची. मुक्ताची शाळेची डायरी एकदा माझ्याकडे सहीला आली. माझ्या बोटांत पेन राहीना. दुसऱ्या दिवसापासून मुक्ता डायरी न विचारता सरळ जयूकडे न्यायला लागली. त्यात तिचं काय चुकलं? पण मी ती सही पाहत राहायचे. जयूची सही माझ्यापेक्षा सुंदर आहे.

घरी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, “बोटांसाठी रोज अर्धं पान लिहा. काहीही लिहा.” नितीनने पेनाला स्पंज गुंडाळून दिला. मी फुलस्केप वही घेतली आणि पहिलीतल्या मुलीसारख्या मोठ्या अक्षरांत लिहायला लागले.

काहीही लिहा म्हटल्यावर जे आलं ते हे :

*मार्थाबाई चालतात. त्या साठीच्या. तू बेचाळीसची. लाज वाटते का?*

*आज दहा वेळा पाय उचलायचा होता. चार वेळा उचललास. तू आळशी आहेस, आजार हे नुसतं निमित्त.*

*जयू हसली की मुक्ता हसते. तू हसलीस की ती औषधाची वेळ झाली का ते बघते.*

सगळं ‘तू’. ‘मी’ कुठेच नाही. मी असं लिहितेय याकडे माझं लक्षही नव्हतं. मला वाटायचं, मी खरं तेच लिहितेय, आणि खरं बोलायचं धाडस फक्त या वहीतच आहे.

केतकी

रडणं थांबेना तेव्हा फिजिओथेरपिस्टनीच केतकीचं नाव सुचवलं. केतकी समुपदेशक आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिचीही मला असूया वाटली : पांढरे बूट घालून ती खोलीत अशी आली, जणू चालण्यासाठी काही करावंच लागत नाही.

तिने वही मागितली नाही. “त्यातलं तुम्हाला चालेल असं एकच वाक्य वाचून दाखवा,” म्हणाली.

मी आळशीवालं वाचलं.

“तुमच्या वर्गात एखाद्या मुलाने दहांपैकी चार गणितं सोडवली, तर त्याच्या वहीत काय शेरा लिहाल?”

“चौथ्यापर्यंत बरोबर. पाचव्यात चिन्ह चुकलं. पुढची उद्या सोडव.”

“आळशी आहेस, असं नाही लिहिणार?”

“नाही. त्याने मूल सुधारत नाही.”

“आणि ‘वा, दहाच्या दहा बरोबर’?”

“तेही नाही. खोटं आहे ते.”

“मग एवढंच करायचंय,” केतकी म्हणाली. ऐकायला सोपं होतं.

तिने पद्धत अशी सांगितली. जुनं वाक्य खोडायचं नाही. खाली तीन ओळी लिहायच्या. पहिली ओळ : नेमकं घडलं काय, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. दुसरी : त्या वाक्यात खरं किती, आणि शिवी किती. तिसरी : एखाद्या जवळच्या माणसाला याच परिस्थितीत जे सांगाल ते, पण त्याला फसवायचं नाही. शेवटी त्या तिसऱ्या ओळीवर आपला विश्वास किती, ते दहापैकी लिहायचं.

मी पहिल्या आठवड्यात लिहिलं : *मी शूर आहे. सगळं छान होणार आहे.* विश्वास : दहापैकी एक. तो एकही केतकीच्या मनाला बरं वाटावं म्हणून दिलेला.

ती हसली. “ज्यावर विश्वास नाही ते कशाला लिहायचं? तुमचं मन गणिताच्या बाईंचं आहे, त्याला उगाच गोड बोललेलं चालणार नाही. पाच-सहा मिळतील इतपतच चांगलं लिहा.”

मी तिच्याशी वाद घातला. “मी स्वतःशी मऊ बोलले तर व्यायाम सोडून देईन. हा आवाज आहे म्हणून मी प्रयत्न तरी करते.”

“तपासूया,” ती म्हणाली. व्यायामाचा तक्ता नितीनने फ्रीजवर लावला होता. तिने मला एवढंच सांगितलं, की वहीत सगळ्यात कडक लिहिलेले दिवस कोणते, ते त्या तक्त्याशेजारी ठेवून बघा. मी बघितलं. ज्या दिवशी मी स्वतःला जास्त झोडपलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा तक्त्यात रिकामी जागा होती. मला ते आवडलं नाही. दोनदा तपासलं. उत्तर तेच.

तरीही पुढचे दोन आठवडे मी तिच्या तीन ओळी गृहपाठासारख्या उरकत होते. नीटनेटक्या अक्षरात, मन दुसरीकडे. वहीतली ‘तू’ माझ्या जास्त ओळखीची होती.

अर्धी पोळी

एका सोमवारी माझ्या लक्षात आलं, की मुक्ता जेवायला बसली की एकच पोळी घेते. तीही अर्धी ठेवते. मंगळवारी जयूने दुसरी वाढली तर तिने ताटावर हात धरला. माझ्याकडे ती बघत नव्हती.

बुधवारी दुपारी जयू माझ्या पायांना तेल लावत होती. “ताई,” ती म्हणाली, “एक सांगू? मुक्ता विचारत होती, मी तुझ्याबरोबर निर्मळला राहायला येऊ का. शाळेत तिथूनच जाईन म्हणते.”

माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. “तूच भरवलं असशील तिच्या डोक्यात,” मी म्हटलं. “तुला मूल नाही म्हणून माझं घेऊन चाललीस.”

जयूचा हात थांबला. तिने तेलाच्या बाटलीला झाकण लावलं, हात पुसले आणि स्वयंपाकघरात गेली. माझा एक पाय तेलाचा आणि एक कोरडा राहिला. मला तिच्यामागे जाता येत नव्हतं.

मुक्ता शाळेतून आली तेव्हा मी तिला समोर बसवलं. मनात नुसती आग होती. “तुला मावशीकडे का राहायचंय?”

“असंच.”

“मी आजारी आहे म्हणून? मावशी जास्त आवडते म्हणून?”

तिने मान हलवली. नाही.

“मग?”

“मी इथे नसले तर तुम्ही सगळे सुटाल ना.”

मला कळेना. “हे कोण म्हणालं तुला?”

“तू.” ती रडत नव्हती, हेच भयंकर होतं. “तू लिहिलंयस. मला प्रोजेक्टला कोरा कागद हवा होता म्हणून तुझी वही घेतली.”

ती कोणतं पान म्हणतेय ते मला लगेच कळलं. मला ते पाठ होतं. *जयूने तिची वाडी सोडली ती तुझ्यामुळे. नितीन थकलाय तो तुझ्यामुळे. इतकं होऊन तू पोटभर जेवतेस. तू इथे नसतीस तर सगळे सुटले असते.*

वर नाव नाही, खाली सही नाही. आईच्या अक्षरात ‘तू’ लिहिलेलं. अकरा वर्षांच्या मुलीने ते पत्र स्वतःलाच आलंय असं समजून वाचलं होतं आणि तीन दिवस अर्धी पोळी खाल्ली होती.

“मुक्ता, ते तुला नाही लिहिलेलं. ते मी मला लिहिलंय.”

“तुला?”

“हो.”

“तुला असं कोण बोलतं?”

“मीच.”

तिने विचारलं, “पण ते खरं आहे का?”

हा प्रश्न केतकीने मला चारदा विचारला होता आणि मी चारदा टोलवला होता. मुलीला टोलवता येईना. ‘नाही ग, काहीही खरं नाही’ म्हणून तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तिने ते मानलं नसतं. बाबा थकलाय हे तिला दिसत होतं. म्हणून मी एकेक वाक्य घेतलं.

“मावशीने वाडी सोडलेली नाही. आठवड्यातून दोनदा जाते. इथे ती आली ते स्वतः म्हणाली म्हणून. बाबा थकलाय, हे खरं आहे. माझ्या आजारामुळे थकलाय. आजार मी आणलेला नाही. पोटभर जेवणं चूक नाही, जेवले नाही तर पायात ताकद येणार नाही. आणि मी नसते तर सगळे सुटले असते, हे…” इथे मला थांबावं लागलं. “हे खोटं आहे. तू नसतीस तर मी सुटले असते का?”

“नाही.”

“मग.”

ती उठून माझ्या खुर्चीजवळ आली. मला तिला उचलून घेता येत नव्हतं, म्हणून तिनेच माझा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

खरं किती, शिवी किती

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत मी ते पान उघडलं आणि मुक्ताला जे सांगितलं ते त्याच्याखाली लिहून काढलं, फक्त ‘मी’ करून. विश्वास : सहा. पहिल्यांदाच एवढा आकडा आला, आणि तो मी कुणाला बरं वाटावं म्हणून दिला नव्हता.

त्याखाली दुसरी नोंद केली. *तू दुष्ट आहेस. जयूला काय बोललीस.* तीन ओळी : *घडलं काय : जयूला मूल नाही यावरून मी तिला टोमणा मारला. खरं किती : मी तिला दुखावलं, हे पूर्ण खरं. दुष्ट ही शिवी. सांगायचं काय : तुला हेवा वाटला आणि तू जिथे तिला लागेल तिथे मारलंस. हेवा वाटणं तुझ्या हातात नव्हतं, बोलणं होतं. आजच माफी माग. आजाराचं कारण पुढे करू नकोस.* विश्वास : नऊ.

इथे मला या गोष्टीतलं मर्म कळलं. स्वतःशी नीट बोलणं म्हणजे स्वतःला सोडून देणं नाही. ‘तू दुष्ट आहेस’ म्हटलं की करण्यासारखं काही उरत नाही, नुसतं पडून राहायचं. ‘तू हे चुकीचं बोललीस’ म्हटलं की पुढची पायरी दिसते.

मी जयूला हाक मारली. ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

“जयू, मी वाईट बोलले. मुक्ता तुझ्याकडे डायरी घेऊन जाते ते मला बघवत नाही, म्हणून बोलले. त्यात तुझी चूक नाही.”

“बघवत नाही तर तसं सांगायचं ना, ताई.” ती दारातूनच म्हणाली. “मला काय सही करायची हौस आहे? मी तुझी सही बघूनच करायला शिकले होते, लहानपणी.”

“माफ केलंस?”

“उद्या करेन,” ती म्हणाली, आणि माझ्या राहिलेल्या पायाला तेल लावून दिलं. तिने खरंच दुसऱ्या दिवशी माफ केलं. मध्ये एक रात्र ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते मला भोगावं लागलं.

‘तू नसतीस तर’ या ओळीबद्दल मी केतकीलाही सांगितलं. तिने सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” मी म्हटलं, नाही, कुणाला ओझं होऊ नये असं वाटतं. ती म्हणाली, “हे कधी बदललं, तर त्याच दिवशी मला आणि नितीनना सांगायचं. वहीला नाही.” हे मी इथे मुद्दाम लिहिलंय. काही गोष्टी वहीत ठेवायच्या नसतात.

हेव्याचं काय करायचं, तेही तिने त्याच दिवशी सांगितलं. हेवा वाटला की त्याच्याशी भांडत बसायचं नाही. त्याला विचारायचं, तुला हवंय काय? जयूच्या सहीचा हेवा वाटला त्या अर्थी मला मुक्ताच्या शाळेत काय चाललंय ते कळायला हवं होतं. मग मी मुक्ताला म्हटलं, सही मावशीचीच असू दे, पण आधी मला डायरी वाचून दाखव. ती वाचायला लागली. तिच्या वर्गात कोण कुणाशी बोलत नाही, हेही मला कळायला लागलं.

रोज जमायचं नाही. कधी कधी तिन्ही ओळी लिहूनही विश्वास तीनवर अडायचा, आणि मी तीनच लिहायचे. कधी सकाळी ‘तू’ची पानभर बडबड व्हायची. पण हळूहळू एक फरक पडला. पूर्वी एकेक वाक्य दिवसभर टोचत राहायचं. आता ते यायचं, आणि थोड्या वेळाने मीच म्हणायचे, बरं, यात खरं किती?

पाचूबंदर

सातव्या महिन्यात मी काठी घेऊन चालायला लागले. डाव्या पायाचा पंजा वर उचलला जात नाही; त्यासाठी बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते. डॉक्टर म्हणाले, कदाचित कायमची, कदाचित नाही.

एका रविवारी मी नितीनला म्हटलं, मार्थाबाईंकडे जायचंय. का ते मी त्याला सांगितलं नाही. मला बघायचं होतं, की त्यांना चालताना पाहून अजून जळायला होतं का.

होतं. बोटी लागल्या होत्या, मासळीचा लिलाव नुकताच संपला होता, आणि मार्थाबाई ओल्या फरशीवरून टोपली घेऊन अशा चालत आल्या, की मी माझी काठी घट्ट धरली. त्यांनी मला ओळखलं. घरात नेऊन खुर्ची दिली. त्यांच्या सुनेने चहा आणला.

“चालायला लागलीस की, मास्तरीनबाई.”

“तुमच्यासारखं नाही.” आणि मग मी बोलूनच टाकलं. “मार्थाबाई, मला तुमचा फार हेवा वाटायचा. अजून वाटतो.”

त्यांनी बशीतला चहा संपवला. “मंग वाटू दे की,” त्या म्हणाल्या. “माझे पाय चालले म्हनून तुझे काय मागं राहिले? तुझ्या पायांना माझं काय ठाऊक?”

मी हसले. नितीनही हसला. मार्थाबाई हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. परतताना त्यांनी मला दाराच्या पायरीपर्यंत हात दिला आणि म्हणाल्या, “पायरी उंच हाय. डावा आधी टाक.”

घरी येऊन लिहिलं : *मार्थाबाई भराभर चालतात, मला हेवा वाटतो. मी काठीने पाऊणशे पावलं चालले आणि एक उंच पायरी उतरले. दोन्ही खरं आहे.* विश्वास : दहा.

जयू गेली त्यानंतर

आठव्या महिन्यात जयू कायमची निर्मळला परत गेली. वाडीत फुलांचा हंगाम होता आणि बाबांना एकट्याला झेपत नव्हतं. ती स्कूटरला किक मारेपर्यंत मुक्ता तिच्या कमरेला धरून रडत होती. मला बाय करताना ती कधी अशी रडली नव्हती. ‘बघितलंस?’ वहीतली बाई माझ्या डोक्यात म्हणाली. ‘बघितलं,’ मी तिला म्हटलं. ‘इतके महिने जिने सांभाळलं तिच्यासाठी रडतेय. रडू दे.’ हे मी वहीत लिहिलं नव्हतं. पहिल्यांदाच उत्तर पेनाशिवाय आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. इतके दिवस तिची वेणी जयू घालायची. माझ्या बोटांत अजून पूर्ण जोर नाही. केसांचे तीन पेड करते तोवर एक सुटतो. मी पंचवीस मिनिटं घेतली. मधे दोनदा हात खाली ठेवून थांबले. मुक्ताने फक्त एकदा घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी वेणी झाली. ती डावीकडे कलली होती आणि मधेच सैल होती. मुक्ताने आरशात बघितलं.

“वाकडी झालीये, आई.”

“हो, वाकडी आहे.”

“असू दे,” ती म्हणाली आणि दप्तर घेऊन खाली गेली.

मी काठी घेऊन बाल्कनीत गेले. शाळेची रिक्षा फाटकाशी उभी होती. आत बसण्याआधी मुक्ताने मागे हात नेऊन रबर ओढला, सगळी वेणी सोडली, आणि दोन हातांनी केस गोळा करून भराभर साधी पोनी बांधली. मग रिक्षा गेली.

मला वाईट वाटलं. ते मी नाकारलं नाही. रेलिंगला टेकून मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले आणि स्वतःला म्हटलं, वैशाली, तुझी वेणी अजून शाळेत जाण्याजोगी होत नाही. पंचवीस मिनिटांत ती शेवटपर्यंत तरी गेली. उद्या दहा मिनिटं आधी उठव तिला.

मग मी आत आले आणि दहा मिनिटं आधीचा गजर लावला.